दोघांच्या नावावर आहे, म्हणून निर्धास्त राहू नका

नवरा-बायकोच्या जोड नावावर घर किंवा बँकखातं असलेल्या प्रत्येक कुटुंबाला ही कळकळीची विनंती आहे, आणि ती याच आठवड्यात मनावर घ्या. आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे: दोघांच्या नावावर आहे, म्हणजे एक गेला की सगळं आपोआप दुसऱ्याचं. बँकेतल्या पैशाबाबत ही समजूत अर्धीच खरी आहे. घराबाबत ती बहुतेक वेळा साफ चुकीची ठरते. ही चूक लक्षात येते तेव्हा जो माणूस एका सहीनं ती दुरुस्त करू शकला असता, तोच गेलेला असतो.

मयत खातेदारांच्या दाव्यांचं काम मी बँकेत अनेक वर्षं केलं. समोर बसलेल्या बाईला 'पैसे तुम्हाला मिळतील' असं सांगताना बरं वाटायचं. पण त्याच बाई पुढे फ्लॅटचे कागद घेऊन यायच्या, आणि तिथे माझ्याजवळ सांगायला दिलासा देणारं काही नसायचं. म्हणून हे लिहितो आहे.

एक कुटुंब डोळ्यासमोर आणा. ठाण्यात फ्लॅट, आजच्या भावानं 80 लाखांचा, करारनाम्यावर नवरा-बायको दोघांची नावं, कर्ज फिटलेलं. बँकेत दोघांच्या नावानं 12 लाखांची मुदत ठेव, सगळी नवऱ्याच्या पगारातून साठवलेली. मुलगा 20 वर्षांचा, मुलगी 14 वर्षांची. नवऱ्याची आई सांगलीला धाकट्या मुलाकडे असते. वडील आधीच गेलेले. नवरा हृदयविकाराच्या झटक्यानं अचानक जातो. मृत्युपत्र केलेलं नाही. करायचं होतं, पण एवढी घाई काय, असं वाटत राहिलं.

आधी बँक. ठेवीच्या पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असा शेरा असेल, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, तर बाईंचं काम सोपं आहे. मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि बँकेचा दाव्याचा अर्ज एवढ्यावर मुदत संपल्यावर रक्कम त्यांच्या हाती येते. वारस दाखला आणा, जामीन आणा, हमीपत्र लिहून द्या, असं बँकेनं अशा खात्यात मागायचं नाही, रक्कम कितीही असली तरी. रिझर्व्ह बँकेनं हे 2005 साली बँकांना स्पष्ट सांगितलं आहे आणि कागद पूर्ण आल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढायला सांगितलं आहे. शाखेत कोणी अडवलं तर हा नियम शांतपणे समोर ठेवा आणि नकार लेखी मागा.

पण इथेच थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या त्याच सूचनांत एक वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही: मागे राहिलेल्या खातेदाराला हे पैसे मृताच्या वारसांचा विश्वस्त म्हणून दिले जातात. बँकेनं बाईंना पैसे दिले की बँक सुटली. पैसे बाईंचे झाले का, हा प्रश्न बँक सोडवतच नाही. तो वारसा कायद्याचा प्रश्न आहे. 1928 साली प्रिव्ही कौन्सिलनं गुरनदित्ता विरुद्ध रामदित्ता या खटल्यात हेच ठरवलं. नवऱ्यानं स्वतःचे पैसे स्वतःच्या आणि बायकोच्या नावानं, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहील त्याला मिळावेत अशा अटीवर बँकेत ठेवले होते. एवढ्यावरून ते पैसे त्यानं बायकोला बक्षीस दिले असं होत नाही, असा तो निकाल होता. इंग्लंडमध्ये अशा वेळी कायदा बायकोच्या बाजूनं गृहीत धरत असे. भारतात तसं गृहीत धरायचं नाही, हा त्या निकालाचा गाभा.

म्हणजे आपल्या ठाण्याच्या कुटुंबात 12 लाख बाईंच्या हाती आले, तरी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ते चौघांचे आहेत: बाई, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. प्रत्येकी 3 लाख. सासूबाईंनी मागितले तर द्यावे लागतील. त्यांनी मागितले नाहीत आणि दुसऱ्या कोणी त्यांच्यातर्फे मागितले, तरी द्यावे लागतील.

सासूबाईंचं नाव ऐकून अनेकांना धक्का बसतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा वारला तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीनं. वडील मात्र दुसऱ्या वर्गात आहेत. पहिल्या वर्गातलं कोणी असेल तर त्यांना काही मिळत नाही. ज्या आईनं मुलाला वाढवलं तिचा हिस्सा असणं मला अन्यायाचं वाटत नाही. म्हाताऱ्या आईची सोय मुलानं करायलाच हवी. अडचण एवढीच, की ती सोय किती, कशातून आणि कोणत्या रूपात, हे मुलानं न ठरवता गेल्यामुळे कायद्यानं ठरवलं, आणि कायद्यानं तिला रोख आधार न देता ठाण्यातल्या राहत्या घराचा एक तुकडा दिला.

आता ते घर. सोसायटीत दाखला दिला, अर्ज दिला. भाग दाखल्यावर बाईंचं नाव आधीपासून होतंच. नवऱ्याचं नामनिर्देशनही त्यांच्याच नावे. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, काळजी करू नका, आपल्या दफ्तरी सगळं तुमच्याच नावावर करतो. त्यांनी मनापासून मदत केली, आणि बाईंनाही वाटलं की विषय संपला. तो संपलेला नसतो. सोसायटीच्या नोंदीवर मालकी ठरत नाही. 2016 साली इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सोसायटीनं नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे नोंद करावी, पण मालकी कोणाची हा प्रश्न वारसांना योग्य न्यायालयात मांडता येतो. महाराष्ट्रानं 2019 साली सहकारी संस्था कायदा बदलला, त्यातही वारस सदस्य होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सदस्य करायचं असं म्हटलं आहे. आणि शेअरच्या बाबतीत 2023 च्या डिसेंबरमध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा ठासून सांगितलं, की नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही.

मग जोड नावाचं काय? करारनाम्यावर दोन नावं असली तर भारतात सर्वसाधारणपणे दोघांचे वेगवेगळे, अविभक्त हिस्से धरले जातात. एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हिस्सा दुसऱ्याकडे सरकावा असं दस्तात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो सरकतो, आणि आपल्या बिल्डरांच्या छापील करारांत तसं सहसा लिहिलेलं नसतं. हिस्सा किती, हेही लिहिलेलं नसतं. तेव्हा मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 लागतं: ज्यानं जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि पुरावा नसेल तर समान. म्हणून नोकरी करणाऱ्या बायकोनं कर्जाचे हप्ते आपल्या खात्यातून भरले असतील तर ती खातेपत्रकं जपून ठेवा. हिस्सा अर्ध्याहून जास्त की कमी, हे पुढे त्यांवरूनच ठरेल.

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये निम्मा-निम्मा हिस्सा धरू. बाईंचे 40 लाख त्यांचेच. नवऱ्याच्या 40 लाखांचे चार भाग, म्हणजे प्रत्येकी 10 लाख, घराचा आठवा हिस्सा. बाई आठपैकी पाच हिश्शांच्या मालक झाल्या. उरलेले तीन हिस्से मुलगा, मुलगी आणि सासूबाई यांचे.

घरात राहायचं तोवर हे कोणाला कळतही नाही. दोन वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी बाई घर विकायला काढतात. गिऱ्हाईक मिळतं, टोकन येतं. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील कागद पाहतो आणि विचारतो: पहिल्या मालकाचा हिस्सा यांच्याकडे कोणत्या दस्तानं आला? इथे गाडी थांबते.

मुलगा सज्ञान आहे, तो हक्कसोड पत्र करून देईल. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद चालत नाही. मुलगी आता 16 वर्षांची, तिच्या वतीनं आई सही करू शकत नाही. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायला न्यायालयाची आधी परवानगी लागते, मग विकणारी जन्मदाती आई का असेना. परवानगीशिवाय विकलं तर मुलगी सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते, आणि म्हणून कोणताही शहाणा खरेदीदार त्याला हात लावत नाही. अर्ज, सुनावणी, मुलीच्या हिश्शाचे पैसे तिच्या नावे ठेवण्याची अट, हे सगळं होईपर्यंत ते गिऱ्हाईक थांबत नाही.

आणि सासूबाई? त्या कदाचित आनंदानं सही देतील. पण समजा, तेवढ्यात त्याही गेल्या. आता त्यांचा आठवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो: सांगलीचा धाकटा मुलगा, लग्न झालेली मुलगी, आणि वारलेल्या मुलाच्या जागी त्याची दोन मुलं. म्हणजे ठाण्याच्या घरात दीर आणि नणंद प्रत्येकी चोविसाव्या हिश्शाचे मालक झाले. रक्कम साडेतीन लाखांच्याही आत, पण त्यांच्या सहीशिवाय घर निर्वेधपणे विकता येत नाही. नाती गोड असली तरी एक जण दुबईत असतो, एकीचं घरच्यांशी बोलणं बंद असतं, एखाद्याला वाटतं की आपल्याला फसवलं जातंय. वाईट माणूस कोणीच नसतो. तरी घर अडकतं.

म्हणून माझी पहिली विनंती: आज रात्री पासबुक आणि ठेवीच्या पावत्या काढा आणि त्यांवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं 'जॉइंटली' असेल, म्हणजे दोघांनी मिळून, तर एक गेल्यावर खातं थांबतं आणि बँक मागे राहिलेल्याबरोबर मृताच्या सगळ्या वारसांनाही बोलावते. अशा खात्यात नामनिर्देशन असलं तरी ते लगेच उपयोगी पडत नाही, कारण जोड खात्यात नामनिर्देशित व्यक्तीचा अधिकार सगळे खातेदार गेल्यावरच सुरू होतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिलं नाव असलेला माणूस हयात असेपर्यंत दुसऱ्याला व्यवहार करता येत नाही. तो दवाखान्यात असताना पैसे लागले तरी करता येत नाही. हे शेरे बदलता येतात. दोघांनी मिळून शाखेत जायचं, एक अर्ज भरायचा. दोघंही सही करण्याच्या स्थितीत असतानाच हे होतं.

मुदत ठेवींबाबत शाखेत आणखी एक गोष्ट विचारा, आणि हे विसरू नका. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असूनही, एकाच्या मृत्यूनंतर मुदतीआधी ठेव मोडायला दोघांची आधीच दिलेली लेखी संमती नोंदवलेली नसेल, तर बँक मृताच्या वारसांची संमती मागू शकते. तीन वर्षांची ठेव, आणि पैशाची गरज तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ही संमती आजच लिहून द्या आणि पोच घ्या. नामनिर्देशनही तपासा, 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींवर चार जणांपर्यंत, प्रत्येकाची टक्केवारी ठरवून, नावं देता येतात.

दुसरी विनंती सगळ्यांत महत्त्वाची. मृत्युपत्र लिहा. दोघांनी, वेगवेगळं. वरच्या कुटुंबात नवऱ्याच्या एका पानाच्या कागदानं सगळं बदललं असतं. फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव, आणि 'या फ्लॅटमधील माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा माझ्या पश्चात माझ्या पत्नीस मिळावा' एवढं वाक्य. पुढे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर खात्यांतील आणि ठेवींतील माझी रक्कम माझ्या पत्नीच्या पूर्ण मालकीची राहील.' आणि त्याखाली आईसाठी: अमुक ठेव किंवा दरमहा अमुक रक्कम. आईचा विचार मनात येऊन वाक्य लिहायला हात अडखळत असेल, तर तिथेच थांबून तिच्यासाठी खरंच काय करायचं ते ठरवा. घराच्या तुकड्यापेक्षा तिला औषधपाण्याचे पैसे हवे आहेत.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे आणि त्यांनीही तुमच्या समोर सही केलेली असली पाहिजे. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. तुमच्याहून वयानं लहान, सहज सापडतील असे दोघं निवडा. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांत नावं वेगवेगळी ठेवू नका; भांडणांची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

बायकांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या वाट्याचं मृत्युपत्र नवऱ्याच्या मृत्युपत्रात धरलेलं नसतं. मूल नसलेली, स्वतः कमावणारी विधवा बाई मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिची स्वतःची कमाई तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. 2009 साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात हेच घडलं. लग्नानंतर लगेच विधवा झालेल्या आणि माहेरी राहून स्वतः शिकून कमावलेल्या बाईचे पैसे सर्वोच्च न्यायालयाला सासरच्यांना द्यावे लागले, कारण कायद्याचा शब्द तसा होता. तिचा एक सही केलेला कागद असता तर तो निकाल लागलाच नसता.

परदेशातल्या मराठी मंडळींनाही ही विनंती. अमेरिकेतल्या घराच्या दस्तात नवरा-बायकोच्या नावापुढे सर्व्हायव्हरशिपचे स्पष्ट शब्द असतील तर घर थेट मागे राहणाऱ्याचं होतं. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला म्हणजे तिथेही तसंच होईल असं धरून चालू नका. तुमचा पुण्यातला हिस्सा इथल्या वारसा कायद्यानं वाटला जाईल आणि सहीसाठी कोणाला तरी वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करावं लागेल. इथल्या मिळकतीसाठी वेगळं मृत्युपत्र करा.

वरचं गणित हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचं आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारस आणि हिस्से वेगळे येतात. वकिलाकडे गेलात तर आधी तेच विचारा. गोव्यात तर पायाच वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर निम्मी मालमत्ता मुळातच जोडीदाराची असते, आणि मुलं असतील तर उरलेल्या निम्म्याचाही काही भागच मृत्युपत्रानं हवा तसा देता येतो. गोव्यात घर असलेल्यांनी महाराष्ट्रातल्या वकिलाच्या मसुद्यावर सही करू नये.

आणि ज्यांच्या घरी हे आधीच घडून गेलंय, त्यांच्यासाठी. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढा. मयत माणसाच्या एकट्याच्या खात्यातून त्याचं कार्ड किंवा पिन वापरून पैसे काढू नका, नाहीतर पुढे प्रत्येक रकमेचा हिशेब द्यावा लागेल. सासूबाई हयात असतील आणि त्या स्वखुशीनं हिस्सा सोडायला तयार असतील, तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र याच महिन्यात करून घ्या. त्यांच्या तब्येतीवर आणि मनःस्थितीवर ते सोडू नका, आणि त्या बदल्यात त्यांना काय देणार तेही लिहून द्या. त्या तयार नसतील तर भांडू नका, तो त्यांचा हक्क आहे. त्यांचा हिस्सा विकत घेता येतो. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. घरासाठी गरज पडली तर 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला दिवाणी न्यायालयातून घ्या. बँकेसाठी काढलेला उत्तराधिकार दाखला फक्त पैसे, ठेवी आणि शेअर यांच्यापुरता असतो, घराला तो चालत नाही. अनेकांचं एक अख्खं वर्ष या चुकीच्या दाखल्यापायी जातं. आणि दुःखात असताना कोणी कोरा स्टँप पेपर पुढे केला, तर तो दीर असो, भाऊ असो, की मदत करणारा सेक्रेटरी असो, सही करू नका. दोन दिवस मागून घ्या आणि कागद वकिलाला दाखवा.